८० मुली, माणशी ७० रुपये: वसतिगृहाच्या मेसचा हिशोब कुठून धरायचा

प्रश्न: मी आठवी ते दहावीच्या ८० मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. जेवणखाण आणि गॅस मिळून मुलीमागे रोज ७० रुपये मिळतात, स्वयंपाकिणींचा पगार वेगळा. महिन्याला साधारण ५०० किलो तांदूळ, ३५० किलो गहू, ४५ किलो तूरडाळ, तेलाचे १५ किलोचे ६ डबे, ७५ किलो साखर आणि ३०० किलो बटाटे लागतात. भाजी रोज १७०० रुपयांची येते. सकाळी पोहे, चहा, बिस्किटं आणि दर रविवारी ८ किलो पनीर. तरीही पैसे पुरत नाहीत आणि तपासणीत निम्म्याहून जास्त मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं. मेनू कसा बसवू?

उत्तर:

ताई, मेनू थोडा वेळ बाजूला ठेवा. पदार्थांची नावं शेवटी लिहायची असतात. आधी माणशी रोज किती ग्रॅम कच्चा माल ताटात जातो ते काढायचं. तुम्ही आकडे दिलेत म्हणून हे काम सोपं झालं. महिन्याचा माल भागिले २४००, म्हणजे ८० मुली गुणिले ३० दिवस.

तूरडाळ ४५ किलो म्हणजे माणशी रोज १९ ग्रॅम, तीही दोन्ही जेवणं मिळून. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या एका मुलाला एका जेवणासाठी ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेलं असतं. तुमच्याकडे अख्ख्या दिवसात तेवढीही पडत नाही. उलट तांदूळ २०८ ग्रॅम, बटाटा १२५ ग्रॅम आणि तेल साडेसदतीस ग्रॅम. मुलींची पोटं भरत असणार, तक्रारही फारशी नसेल, पण त्या भातावर, बटाट्यावर आणि तेलावर जगताहेत. या मालातून दिवसाला जेमतेम ११-१२ मिलिग्रॅम लोह मिळतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वर्षांच्या मुलीला ३० मिलिग्रॅम सांगितलं आहे. तपासणीचा निकाल असा का आला, ते इथेच दिसतं.

प्रथिनांची चिंता सगळे आधी करतात, पण धान्याचं प्रमाण मोठं असलं की प्रथिनांचा आकडा कागदावर भरतोच, कारण गव्हातही दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. अडचण दर्जाची आहे. धान्याच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते, आणि डाळच नसेल तर कागदावरच्या आकड्याचा उपयोग अर्धाच. शिफारस तीन भाग धान्याला एक भाग डाळीची आहे. तेवढी डाळ ७० रुपयांत बसत नाही, हे मी आधीच सांगते. मी माणशी ८० ग्रॅम डाळ-कडधान्य धरते आणि उरलेली बाजू शेंगदाणे, दूध, अंडी यांनी सावरते.

माझं रोजचं माणशी माप असं. गहू १३०, ज्वारी किंवा बाजरी ११०, तांदूळ १२०, पोहे-रवा ४०. वरणाची डाळ ३०, उसळीचं कडधान्य ४०, बेसन किंवा हरभरा डाळ १०. शेंगदाणे २५, तेल २५, साखर-गूळ मिळून २५, दूध १५० मिली, कांदा-बटाटा १००, इतर भाज्या निवडून झाल्यावर १५० ग्रॅम, त्यातला तिसरा हिस्सा पालेभाजी. आठवड्यातून तीन अंडी आणि तीन फळं. यातून साधारण २३०० कॅलरी येतात. या वयाला २४०० धरतात, पण ८० मुलींमध्ये लहान चणीच्या मुली असतातच, त्यामुळे हे भागतं. खेळाडू मुली असतील तर त्यांना एक चपाती आणि एक केळं जास्त.

आता पैसे. मी धरलेले भाव घाऊक आणि अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला: गहू दळणासह ३५, तांदूळ ४२, तूरडाळ १२०, मटकी-हरभरा ९५, शेंगदाणे १२०, तेल १४५, दूध ५०, अंडं साडेसहा. यात धान्याला साडेपंधरा रुपये लागतात, डाळी आणि शेंगदाण्यांना सव्वाअकरा, तेल-साखर-मसाल्याला पावणेआठ, दूध-अंड्यांना सव्वादहा, भाज्या-फळांना साडेतेरा. एकूण सव्वाअठ्ठावन्न. गॅसचे साडेसात धरा. सव्वाचार रुपये उरतात, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या आसपास. ते सणवार, भाववाढ आणि नासाडीसाठी राखून ठेवायचे. पहिल्याच महिन्यात खर्च करू नका.

हे पैसे नवीन कुठून आले, तर तुमच्याच तीन खर्चांतून.

पहिला खर्च पनीरचा. ८ किलो गुणिले चार रविवार, ३४० च्या भावाने जवळपास ११ हजार रुपये. एका मुलीला एका वेळी १०० ग्रॅम मिळतं, प्रथिनं आणि कॅल्शियम चांगलं मिळतं, पण लोह जवळपास शून्य. तेवढ्याच पैशात प्रत्येक मुलीला महिन्याला २० अंडी येतात. आपल्याला लागणार आहेत १३. पनीर कायमचं बंद करा असं मी म्हणणार नाही, मुली रविवारची वाट बघत असतात. महिन्यातून एकदा ठेवा आणि ग्रेव्हीत मटार-बटाटा घालून ५ किलोत भागवा. अंडं न खाणाऱ्या मुलींची यादी वेगळी करून त्या दिवशी त्यांना जादा दूध आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू द्या. हा लाडू सर्वांसमोर, अंड्याच्याच वेळी वाटायचा. नाहीतर आठवड्याभरात ‘आम्हाला काहीच नाही’ सुरू होतं आणि अंडंच बंद पडतं.

दुसरा बिस्किटांचा. ते पैसे दुधात आणि शेंगदाण्यात घाला. बिस्किटांमध्ये मैदा, साखर आणि तेल, यापलीकडे फार काही नाही.

तिसरा आणि सगळ्यात मोठा भाजीचा. रोज १७०० म्हणजे माणशी २१ रुपये, आणि बटाटे त्यात धरलेले नाहीत. भाजी कोणती येते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण हा आकडा बहुतेक वेळा फ्लॉवर, मटार, ढोबळी मिरची रोज हातगाडीवरून घेतल्यामुळे वाढतो. फ्लॉवरचा पाला-दांडा काढला की किलोचा सहाशे-सातशे ग्रॅम उरतो, मटाराच्या शेंगांचा निम्मा. म्हणजे ४० रुपये किलोचा मटार खरा ८० ला पडतो. भाजीचा भाव नेहमी निवडून झालेल्या वजनावर काढा. मग लाल भोपळा, कोबी, दुधी, गाजर, शेवग्याच्या शेंगा, गवार हंगामाप्रमाणे वर येतात. टिकणाऱ्या भाज्या आठवड्यातून दोनदा आठवडी बाजारातून किंवा मार्केट यार्डातून आणा, पालेभाजी फक्त त्या त्या दिवशी. पालेभाजी घेताना जुडी मोजू नका, वजन मागा. मेथीच्या जुडीचा निम्मा भाग देठातच जातो. शेवग्याचं झाड आवारात असेल तर त्याचा पाला फुकटची, आणि सगळ्यात चांगल्या पालेभाज्यांपैकी एक भाजी आहे. मुगाच्या डाळीत घालून केला की मुली खातात.

आता वरणाकडे येऊ. मेसचं खरं दुखणं बहुधा याच पातेल्यात असतं. ८० मुलींना ३० ग्रॅमप्रमाणे २ किलो ४०० ग्रॅम डाळ रोज लागते. एका वेळी सगळी शिजवली तर फोडणी देऊन १६ लिटर आमटी व्हायला हवी, म्हणजे मुलीला एक मोठं ओगराळं, २०० मिली. पातेल्यावर १६ लिटरची खूण करून घ्या. स्वयंपाकीण मुलींची संख्या बघून पाणी वाढवते, तिचा त्यात दोष नाही, तिला उरायलाही नको असतं आणि संपायलाही नको असतं. कोठीतून डाळ वजन करून निघाली आणि पातेल्याला खूण असली की वाद उरत नाही. वाटीने किंवा डब्याने माप देऊ नका. शिगोशीग आणि सपाट डब्यात फरक पडतो आणि महिन्याअखेर तो किलोंमध्ये दिसतो. ३० किलो तोलणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा हा तुमच्या स्वयंपाकघरातला पहिला खर्च.

रोज तूरच हवी असंही नाही. मसूरडाळ बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त मिळते, लवकर शिजते म्हणून गॅस वाचतो, आणि तिच्यात लोह तुरीच्या पावणेदोनपटीच्या आसपास आहे. आठवड्यात तीन दिवस तूर, दोन दिवस मसूर, एक दिवस मूग आणि एक दिवस अख्खा मसूर, अशी वाटणी मला जमलेली आहे. मसूर एकदम सगळे दिवस दिला तर मुली ‘ही लाल डाळ नको’ म्हणतात. सुरुवातीला तुरीत निम्मी मिसळून द्या.

लोहाचा सगळ्यात मोठा फरक बाजरीने पडतो. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, बाजरीत सहाच्या वर असतं. तुमचा तांदूळ २०८ वरून १२० वर आणायचा आणि त्या जागी बाजरी-ज्वारी बसवायची, एवढ्या एका बदलात बरंच काम होतं. पण इथे एक व्यवहारातली अडचण आहे, जी आहारतक्त्यात कधीच दिसत नाही: भाकरी थापणार कोण? ८० मुलींना दोन भाकरी म्हणजे १६० भाकरी. दोन बायका, दोन मोठे तवे आणि पावणेदोन-दोन तास. रोज शक्य नाही. म्हणून आठवड्यात चार संध्याकाळी भाकरी, आणि बाकीचं भरड धान्य चपातीच्या कणकेत चौथा हिस्सा मिसळून किंवा थालिपिठात. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मिसळलं की चपाती लाटताना फाटते आणि दुपारपर्यंत कडक होते. भाकरीच्या दिवशी भाजी एकच ठेवा, स्वयंपाकिणींचे हात मोकळे होतात. भाकरीच्या चार संध्याकाळींपुरती तासावर तिसरी बाई लावता आली तर संस्थेकडे जरूर मागा.

बाजरीचं पीठ उन्हाळ्यात आठ दिवसांत कडू होतं, कारण तिच्यात तेल जास्त असतं. चार-पाच दिवसांचंच दळा. मुली बाजरीची भाकरी ताटात टाकत असतील तर आधी पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बघा, दहातल्या निम्म्या वेळा कारण तेच निघतं. फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं की ज्वारीवर या. त्या महिन्यांत लोह दोन-तीन मिलिग्रॅमने कमी होतं, ते मटकी आणि हरभऱ्याने थोडंफार भरून निघतं.

ताटात आलेलं लोह अंगाला लागणं ही पुढची पायरी. धान्या-कडधान्यातलं लोह शरीर फार थोडं घेतं. क जीवनसत्त्व सोबत असेल तर जास्त घेतं, चहा सोबत असेल तर आणखी कमी. तुमच्याकडे सकाळी पोहे आणि चहा एकत्र आहे. पोह्यात लोह बऱ्यापैकी असतं, पण बरोबरचा चहा त्यातलं बरंच वाया घालवतो. सकाळी दूध किंवा गूळ घातलेली नाचणीची आंबील द्या, चहा संध्याकाळी पाचला, जेवणापासून लांब. नाचणी आठवड्यातून दोनदा तरी हवी, कारण १५० मिली दुधात कॅल्शियमचं गणित मुळीच पुरं होत नाही. नाचणीबरोबर तिळाची चटणीही ठेवा.

क जीवनसत्त्वासाठी लिंबू पातेलं गॅसवरून उतरल्यावर पिळायचं. फोडणीत पडलेलं लिंबू चवीपुरतंच उरतं. उन्हाळ्यात लिंबं परवडत नाहीत, तेव्हा कैरी किसून कांद्यात घाला. थंडीत पेरू आणि आवळा स्वस्त असतात, आठवड्यातली तीन फळं त्या दिवसांत पेरूच ठेवा. कच्च्या कोबीची कोशिंबीर बाराही महिने जमते.

एक दिवस पूर्ण मांडून दाखवते, म्हणजे माप ताटात कसं उतरतं ते कळेल. थंडीतला मंगळवार धरा. सकाळी ३ किलो २०० ग्रॅम पोहे, त्यात किलोभर शेंगदाणे, उतरवल्यावर लिंबू. सोबत कपभर दूध, एकूण १२ लिटरपैकी १० लिटर इथेच जातं, उरलेलं संध्याकाळच्या चहाला. दुपारी चपाती, कोबी-बटाट्याची भाजी, मसूर-तुरीची आमटी, भात, गाजराची कोशिंबीर. रात्री बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मुळ्याच्या पाल्याची भाजी बेसन पेरून, उरलेल्या किलोभर शेंगदाण्यांची चटणी, कांदा आणि लिंबाची फोड. भात रात्री नाही, दुपारचाच मोठा. उसळीसाठी ३ किलो २०० ग्रॅम मटकी सोमवारी सकाळी भिजत टाकायची, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. मंगळवारी दुपारपर्यंत मोड येऊन ती ७ किलोच्या आसपास भरते. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा गाठोडं चुलीजवळ ठेवतात. मोड आले की लोह अडवून धरणारे घटक कमी होतात, म्हणून हा खटाटोप. भिजवल्याबरोबर कुकरला लावली तर उसळ होते, पण हा फायदा मिळत नाही.

बदल सुरू केल्यावर आठवडाभर दोन बादल्या ठेवा. एकीत पातेल्यात उरलेलं, दुसरीत ताटात टाकलेलं, आणि रोज दोन्हीचं वजन वहीत लिहा. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पातेल्यात उरतं तेव्हा चूक मोजणीची असते: शनिवारी २० मुली घरी गेल्या आणि स्वयंपाक ८० चाच झाला. यावर उपाय म्हणजे आदल्या रात्रीची हजेरी कोठीच्या दाराला लावणं. ताटात टाकलं जातं तेव्हा चूक चवीची किंवा वाढण्याची असते. कुठला पदार्थ आहे ते बघा आणि चार मुलींना विचारा, त्या स्पष्ट सांगतात. सोयाबीनच्या वड्यांचं नेहमी हेच होतं. स्वस्त आहेत, प्रथिनं भरपूर आहेत, पण नुसत्या रश्शात कोणी खात नाही. भिजवून पिळून, बारीक करून कटलेट किंवा पुलावात घातल्या तर आठवड्यातून एकदा चालतात.

आता या सगळ्याची मर्यादा. वरचं माप नीट पाळलं तरी लोह थंडीत २३ मिलिग्रॅमपर्यंत आणि उन्हाळ्यात २० च्या आसपास पोचतं, ३० होत नाही. आणि हिमोग्लोबिन एकदा खाली गेल्यावर नुसत्या जेवणाने वर यायला फार वेळ लागतो. म्हणून आरोग्य केंद्रातून किंवा शाळेतून मिळणारी साप्ताहिक लोह-फॉलिक आम्लाची गोळी चालू आहे का ते बघा. ती रिकाम्या पोटी नको, दुपारच्या जेवणानंतर तुमच्या समोर घ्यायला लावा. खोलीत नेऊ दिली की गोळ्या गाद्यांखाली सापडतात. जंतांची गोळी वर्षातून दोनदा चुकू देऊ नका. ज्या मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे त्यांना साप्ताहिक गोळी पुरत नाही, उपचाराचा डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा. ८ च्या खाली कोणी असेल तर तिला याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात न्या. पाळीत खूप रक्तस्राव होणाऱ्या मुली स्वतःहून बोलत नाहीत, त्यांना एकेकटीला विचारा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, त्याआधी जेवणाचा निकाल लागत नाही.

खरेदीबद्दल थोडंच सांगते. गहू आणि रब्बी ज्वारी मार्च-एप्रिलमध्ये, बाजरी दिवाळीच्या सुमारास, नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत घेतली की किलोमागे चांगला फरक पडतो, पण संस्थेकडे तेवढे पैसे एकरकमी असतील आणि कोठी कोरडी असेल तरच. तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका. टोका लागलेला हरभरा भाव वाचवून काही उपयोगाचा नाही.

आणि भाव चढले की कात्री कुठे लावायची ते आत्ताच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा, कारण ऐनवेळी हात डाळीवरच जातो. आधी तुरीच्या जागी मसूर आणि हरभरा डाळ. मग महाग भाजीच्या जागी भोपळा-कोबी. मग साखर, मग पनीरचा तो एक दिवस. तेल २० ग्रॅमपर्यंत खाली आणता येतं, भाज्या झाकून शिजवल्या तर. दूध १५० वरून १२० केलं तर नाचणीचा एक दिवस वाढवा. एवढं करूनही भागलं नाही तर कडधान्य, शेंगदाणे आणि अंडी यांना हात न लावता संस्थेला माणशी ग्रॅमचा हा तक्ता आणि दोन महिन्यांची बिलं दाखवा. माझ्या हिशोबाने आजच्या भावात, एवढी कात्री लावूनही, गॅस धरून ६० रुपयांच्या खाली हे ताट बसत नाही, आणि तसं लेखी सांगणं गृहपालाच्या कामातच येतं.